गोधडीतील उजळ, मध्यम आणि गडद

गोधडीची नक्षी दुरून ओळखू येते ती कापडांच्या उजळ-गडदपणातल्या फरकामुळे. लाल आणि गडद हिरवा हे तुकडे हातात घेतले की अगदी वेगळे दिसतात. पण दोघांचा गडदपणा सारखा असेल, तर पलंगावर अंथरलेल्या गोधडीत ते दहा फुटांवरून एकमेकांत मिसळतात आणि नक्षी पुसली जाते.

म्हणून कापण्याआधी कापडांचे तीन ढीग करतात. कोथरूडमधल्या घरांत गोधडीसाठी निघणाऱ्या कापडांत मळकट पांढरे धोतर आणि फिकी सुती साडी उजळ ठरते, निळी किंवा जांभळी इरकल गडद. या दोन टोकांमध्ये बसते ते मध्यम. मध्यम कापड शेजाऱ्यावर अवलंबून असते: धोतराजवळ ते गडद भासते, इरकलीजवळ उजळ. गडद जमिनीवर पांढरे ठिपके असलेले कापडही दुरून मध्यमच दिसते, कारण ठिपके आणि जमीन डोळ्यांत एक होतात.

पारखण्यासाठी तुकडे दिवसाच्या उजेडात जमिनीवर मांडावेत आणि डोळे किलकिले करून पाहावे, किंवा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. त्यात जे दोन तुकडे एकाच राखाडी रंगाचे दिसतील, ते नक्षीच्या कडेवर शेजारी ठेवू नयेत.

बारा इंची चांदणीचे उदाहरण घेऊ. मधला चौकोन सहा इंची, त्याच्या चारही बाजूंना दोन-दोन टोकदार त्रिकोण आणि कोपऱ्यांत तीन इंची चौकोन. पाव इंच शिलाई धरून मधला तुकडा साडेसहा आणि कोपऱ्यांचे साडेतीन इंचांचे कापतात. आठही त्रिकोण इरकलीचे, कोपरे आणि त्रिकोणांमधली जागा धोतराची, मधला चौकोन मध्यम लाल खणाचा घेतला, तर चांदणी स्वच्छ उठते. मधला चौकोन त्रिकोणांइतकाच गडद असला तरी आकार टिकतो, फक्त मधला भाग वेगळा दिसत नाही. त्रिकोण आणि जमीन दोन्ही मध्यम झाली, तर मात्र चांदणीच नाहीशी होते. अशा वेळी मधला तुकडा बदलून उपयोग नसतो, जमीन उजळवावी लागते.

खण मध्यभागी ठेवण्यास आणखी एक कारण आहे. अनेक खणांत ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असतात, त्यामुळे उजेडाच्या दिशेप्रमाणे तो उजळ किंवा गडद होतो. वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या त्रिकोणांत असे कापड वापरल्यास एकाच चांदणीची टोके निरनिराळी दिसतात. मधल्या एकसंध चौकोनात ही अडचण येत नाही.

शेवटी दोऱ्याचा विचार करावा. गडद कापडावर जाड पांढऱ्या दोऱ्याने दाट धावदोरा घातला की कापड दुरून एक पायरी उजळ दिसते आणि जमिनीशी असलेला फरक कमी होतो. टोके गडदच ठेवायची असतील, तर तिथे कापडाच्या रंगाचा दोरा घ्यावा आणि पांढरा धावदोरा जमिनीपुरता ठेवावा.