अपुरा निरोप

गेल्या पावसाळ्यात आमची आई बडोद्यास धाकट्या बहिणीकडे होती. तिच्या मानेतील गाठीची तपासणी झाली होती, आणि मी इकडे गावी व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसलो होतो. ९ वाजून १४ मिनिटांनी निरोप आला, "दादा, अहवाल मिळाला." त्याच मिनिटास दुसरा आला, "डॉक्टर म्हणाले, गाठ". पुढे काहीच नाही.

ती लिहीत असल्याची खूण उमटली, विझली, पुन्हा उमटली आणि पुन्हा विझली. बोलणे संपले असे समजून मी घाईने लिहिले, "धीर धर, मी निघतो."

येथेच मी चुकलो. ती खूण माणसाचे मन सांगत नसून केवळ बोटांची हालचाल सांगते. बोटे थांबली की थोड्याच सेकंदांत ती मावळते. मग लिहिणारी विचारात असो, आसवे पुशीत असो, वा लिहिलेले खोडून बसली असो. इंटरनेट तुटले तरीही ती नाहीशीच होते. खरी साक्ष वाक्याची होती. "गाठ" या शब्दापुढे क्रियापद नव्हते, म्हणजे निरोप उरलेला होता. घड्याळाचा आकडा मात्र विलंब किती झाला तेवढेच दाखवी. विलंब का झाला, ते नव्हे. हे सारे मला अर्थात मागाहून सुचले.

९ वाजून १७ मिनिटांनी तिसरा निरोप आला, "साधी आहे, कर्करोग नाही. मध्येच आईने हाक मारली. पण दादा, तू निघालास कोठे?"