दस्तरख्वान 'बढाना' आणि ताट वाढणं

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे 'या शब्दाला त्या भाषेत काय म्हणतात?' हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. शब्द सांगता येतो. पण कोणता शब्द घरात तोंडातून काढायचा नाही, हे कोशात सापडत नाही. ते नवराबायकोला एकमेकांच्या घरी राहूनच शिकावं लागतं.

माझं माहेर मालेगावचं, घरात बोलणं उर्दूत. नवरा सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला. तेही मुसलमानच, पण चुलीपासून अंगणापर्यंत भाषा मराठी. लग्न ठरताना लोकांना वाटलं, धर्म एक, मग अडचण कसली? अडचण नव्हतीच. फक्त आमच्या दोघांच्या आया एकमेकींशी बोलायला लागल्या की मध्ये एक माणूस लागायचा.

लग्नानंतर पहिल्यांदा तो मालेगावला जेवायला बसला. सगळ्यांचं होत आलं तसं अम्मी माझ्या बहिणीला म्हणाली, "दस्तरख्वान बढाओ." जावईबापूंनी लगेच पुलावाचं भांडं ओढलं आणि अब्बांच्या ताटात दोन डाव भात वाढला. अब्बा सभ्य माणूस, मुकाट्याने खात राहिले. त्याचं तरी काय चुकलं? मराठी कानाला 'बढाओ' म्हणजे 'वाढा' असंच ऐकू येणार. प्रत्यक्षात अम्मी आवराआवर करायला सांगत होती. अन्नाचं कापड 'उचला' किंवा 'काढा' म्हणणं अशुभ, म्हणून ते 'वाढवायचं'. दुकान बंद करायचं नाही, दुकान बढवायचं. दिवासुद्धा विझवायचा नाही, 'चराग बढा दो' म्हणायचं.

रात्री मी हे त्याला समजावलं तेव्हा तो उठूनच बसला. "अगं, हे तर आमच्या आईचं आहे!" आणि खरंच होतं. त्यांच्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढवते'. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. बढना आणि वाढणं हे दोन्ही संस्कृतातल्या 'वृध्' धातूतून आलेले, सख्खे भाऊच. पण मोडण्याच्या, संपण्याच्या जागी 'वाढ' ठेवायची ही युक्ती दोन्हीकडच्या बायकांनी जपली, याचं मला अजून नवल वाटतं. बांगडीच्या बाबतीत मात्र उर्दू दुसरीकडे वळते. तिथे चुडियां 'ठंडी' होतात, मोहरमात ताबूत थंडे करतात तशा.

सासूबाईंनी मला असंच बरंच दिलं. त्या 'संपलं' म्हणत नाहीत. पीठ, मीठ, तेल, सगळं 'भरायला आलंय'. निघताना 'जाते' नाही, 'येते'. आणि 'आम्ही' व 'आपण' यातला फरक. उर्दूत दोन्हींना 'हम'च. एकदा शेजारणीला माझ्याबद्दल सांगताना त्या म्हणाल्या, "आपल्यात असं नसतं, होय गं?" त्या 'आपल्यात' मी होते. 'आमच्यात' म्हणाल्या असत्या तर मी दाराबाहेर उभी राहिले असते. व्याकरणाचा हा नियम मी बीएडच्या आधीपासून शिकवत होते, पण अंगावरून गेला तो त्या दिवशी.

नवऱ्याने अम्मीची वाक्यं एका जुन्या डायरीत उतरवायला घेतली, अर्थातच देवनागरीत. त्यात आमच्या घरचं एक बोलणं आहे. कुणी 'किती रोट्या झाल्या?' विचारलं की अम्मी म्हणायची, "गिनती दुकान की, दस्तरख्वान की नहीं." अब्बांचं छोटं दुकान होतं, त्यातून ते आलेलं. भाकरी मोजून खाणाऱ्या पाव्हण्यांना तो ते मराठीत ऐकवायचा. मराठीत मजा येत नाही. 'मोजणी दुकानात, ताटावर नाही' म्हणजे तलाठ्याची सूचना वाटते. काही वाक्यं आहेत तशीच शिकावी लागतात.

अब्बा गेल्यावर, शेवटची दीड वर्षं अम्मी आमच्याकडे होती. मी शाळेत, तो दुपारपाळीला. म्हणजे सकाळी तिला चहा, औषध, सगळं त्याच्याकडून. तिला मराठी चार वाक्यांपुढे कधी आलीच नाही. मुलीच्या घरी राहतोय हे तिला आत कुठेतरी टोचायचं. एका रविवारी तिने त्याला विचारलं, "कितने दिन हो गए मुझे, तुम्हारे घर?"

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर जाऊन काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून हात पुसत होते, तेवढ्यात त्याचा आवाज आला, "अम्मी, गिनती दुकान की."

पुढचं अर्धं वाक्य तिने पूर्ण केलं. मग खोकला येईपर्यंत हसली. त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. रात्री मात्र 'चराग बढा दो बेटा' म्हणायची आणि तो ट्यूबलाइट बंद करायचा.

तो आजही 'दस्तरखान' म्हणतो, सरळ मराठी 'ख' लावून. मी उर्दूची बाई असून त्याला कधी टोकलेलं नाही.