पेटी, पाटी आणि मी

गेल्या वर्षी मी घरातलं जुनं सागवानी कपाट विकायला काढलं. कोपऱ्यावरच्या दुकानात कागद लावला, खाली माझा फोन नंबर. कपाट चार दिवसांत गेलं. नंबर मात्र अजून बाजारात आहे! दुपारी डोळा लागला, की कुणीतरी मला कर्ज देऊ करतं. एका गृहस्थांनी तर रात्री साडेअकराला विचारलं, "कपाटाला चोरकप्पा आहे का हो?"

त्यामुळे वडिलांची पेटी विकायची वेळ आली, तेव्हा आमची ही म्हणाली, "या खेपेला नंबर दिलात, तर फोनही पेटीबरोबर देऊन टाका."

पुतणी धावून आली. "काका, सिग्नलवर नाव घ्या. २०२४ पासून सोय आहे." प्रोफाइल उघडून तिनं petiwala टाकलं; शेपटीला आपोआप दोन आकडे लागले. झालो मी petiwala.47. नवा कागद लागला, त्यावर फक्त एवढंच.

दोन दिवस सामसूम. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "अहो, तुम्ही सापडत नाही म्हणतात लोक." चौकशी केली, तर सगळे नुसतं petiwala टाकत होते. ४७ हे त्यांना पेटीचं साल वाटलं! इथे नावांची यादी नसते. टिंब-आकड्यांसकट अख्खं नाव टाकावं लागतं. शिवाय शोधणाऱ्याकडेही सिग्नल हवं.

मग एका संगीत शिक्षिकेचा निरोप आला. आधी फक्त त्यांचं नाव आणि विनंती. स्वीकारायची की नाही, मर्जी माझी. त्यांनाही माझा नंबर दिसला नाही. बोलणं पटलं, तेव्हा मीच पत्ता दिला. पेटी चांगल्या हाती गेली.

या यशानं माझं डोकं फिरलं. गोपनीयतेच्या पानावर दोन प्रश्न असतात : माझा नंबर कुणाला दिसावा, आणि नंबरावरून मी कुणाला सापडावं. पहिल्याचं उत्तर आधीपासूनच 'कुणालाही नाही' होतं. (ज्यांच्या वहीत नंबर आहे, त्यांच्यापुढे अर्थात इलाज नाही. खातं उघडायलाही नंबर लागतोच.) मी उत्साहानं दुसऱ्यालाही 'कुणालाही नाही' करून टाकलं.

महिन्यानं शाळेतल्या मित्राचा साधा फोन आला. "नवं सिग्नल घेतलं, पहिला तुला शोधला. तू नाहीसच!" कित्येक वर्षं पाठ असलेला माझा नंबर त्यानं टाकला होता, आणि मी आतून कडी लावून बसलो होतो.

दुसरी कडी मी त्याच संध्याकाळी काढली. परक्यांसाठी पहिली पुरते. petiwala हे नावही बदलून टाकलं. शिक्षिकाबाईंशी चालू असलेलं बोलणं तसंच राहिलं. पेटी कशी वाजते, ते त्या अधूनमधून कळवतात. दुकानातला कागद अजून तिथेच आहे, पण त्यावरून आता मी सापडत नाही.

चोरकप्पावाले मात्र परवा पुन्हा आले. त्यांच्याकडे नंबर आहे.