आधी मुका प्रसंग लावून बघा

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. सरांना दिसत नाही आणि काकूंना यंत्र लावूनही जेमतेमच ऐकू येतं. "रविवारी दोघांना एकत्र बघता येईल असं काहीतरी शोधून दे गं," म्हणाले. मी ऑडिओ डिस्क्रिप्शनच्या संहिता लिहिते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

नेटफ्लिक्सवर आधी भाषांची यादी उघडायची. ध्वनीखाली `Hindi - Audio Description` असं वेगळं दिसलं तर वर्णन आहे. उपशीर्षकांत नुसतं `Hindi` असेल तर फक्त संवाद लिहिलेले असतात, म्हणजे वाचणाऱ्याला बाकीचं ऐकू येतंय असं धरून चाललेलं असतं. `Hindi [CC]` असेल तर कोण बोलतंय, दारावर कोणी थाप मारली, हेही लिहिलेलं असतं. मराठी सिनेमाला तर पुष्कळदा फक्त इंग्रजी उपशीर्षकं मिळतात. काकूंना त्यांचा काय उपयोग?

डब केलेल्या इंग्रजी मालिकाही मी बाजूला ठेवल्या. त्यांत डबिंगचे संवाद आणि उपशीर्षकं यांची भाषांतरं पुष्कळदा वेगवेगळी केलेली असतात. काकूंच्या कानावर एक वाक्य पडतं आणि पडद्यावर दुसरंच उमटतं. थोडं ऐकू येणाऱ्या माणसाचा यात पूर्ण बहिऱ्यापेक्षा जास्त गोंधळ होतो.

शेवटी एक हिंदी सिनेमा उरला. तरीही यादीवर विसंबायचं नाही. कॅप्शन तपासायला मी बोलणारा पडद्याबाहेर असेल असा प्रसंग काढते. तिथे नाव नसेल, तर वाक्य कोणाचं हे कळणारच नाही. वर्णनासाठी संवाद नसलेला प्रसंग लावते आणि डोळे मिटते. इथे नायक पत्र वाचत होता. दोन संवादांमधल्या अशा चार सेकंदांच्या फटीत जेमतेम दहा शब्द मावतात. "तो दुःखी होतो" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, "पत्राची घडी घालतो. पुन्हा उलगडतो." दुःख ओळखायचं काम सरांवर सोडलं होतं. वर्णन पुढच्या संवादावर चढतही नव्हतं. मी निवड पक्की केली.

वर्णनाचा ट्रॅक स्पीकरवर आणि कॅप्शन पडद्यावर, दोन्ही एकाच वेळी चालतं. थिएटरात मात्र वर्णन प्रत्येकाच्या कानातच द्यावं लागतं. एक्सएल सिनेमा या ॲपवर ते आधी उतरवून ठेवायचं. मग फोनचा माइक सिनेमाचा आवाज ऐकून त्याच्याशी मेळ घालतो. पण वर्णन सगळ्याच सिनेमांना नसतं. पठाणच्या ओटीटी आवृत्तीत वर्णन आणि कॅप्शन द्या, हे 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. थिएटरांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली ती मार्च 2024 मध्ये.

रविवारी रात्री काकूंचा मेसेज आला: "कुकरची शिट्टीसुद्धा लिहिली होती. ह्यांनी सांगायच्या आत मीच ह्यांना सांगितलं."