पद्मिनीचा रेडिओ आणि खिशातला फोन

प्रीमियर पद्मिनी घेऊन येणाऱ्यांचं मागणं बहुतेक सारखंच असतं: फोनवरची गाणी गाडीत वाजली पाहिजेत, पण डॅशबोर्डमधला मूळ रेडिओ हलवायचा नाही. हे मागणं मला मनापासून पटतं. तो रेडिओ बहुधा फक्त मीडियम वेव्हचा असतो. एफएम ट्रान्समीटर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि या रेडिओला ती भाषा ऐकूच येत नाही. ऑक्सची खाच नाही, कॅसेटही नाही. मग आवाज आत न्यायचा कुठून? व्हॉल्यूमच्या बटणातून.

रेडिओ स्टेशन पकडतो, त्यातून आवाज वेगळा काढतो आणि व्हॉल्यूम कंट्रोलकडे देतो. तिथून पुढचं ॲम्प्लिफायरचं काम कोणत्याही आवाजासाठी तेच असतं. कंट्रोलला तीन पाय असतात. मीटर लावून बॉडीला जोडलेला पाय शोधायचा. मधला पाय ॲम्प्लिफायरकडे जातो, उरलेल्यावर आवाज येतो. रेडिओ चालू ठेवून त्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं की स्पीकर गुणगुणतो आणि बटण फिरवलं की ती गुणगुण कमी-जास्त होते. मग खात्री पटते. तिथली जुनी वायर सोडवून छोट्या टू-वे स्विचवर घ्यायची: एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ रिसीव्हर.

रिसीव्हर स्टिरिओ, रेडिओ मोनो. डावी-उजवी वायर थेट एकत्र पिळली तर रिसीव्हरचे दोन्ही ॲम्प्लिफायर एकमेकांना ओढत बसतात आणि आवाज फाटतो. म्हणून प्रत्येक वायरीत हजार ओहमचा एक रेझिस्टर घालून मगच त्या जोडायच्या. पुढे एक छोटा कपॅसिटर, म्हणजे डीसी अडतो आणि गाणं तेवढं पुढे जातं.

खरी परीक्षा इंजिन सुरू केल्यावर. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी असेल तर त्याची चार्जिंगची वायर काढून बघावं. शिट्टी गेली, तर दोष वीज येण्याच्या वाटेवर आहे. रिसीव्हरला अर्थ चार्जरकडून एका जागी मिळतो, ऑडिओ वायरीतून रेडिओपाशी दुसऱ्या जागी. ऑल्टरनेटरच्या करंटमुळे या दोन जागांत किंचित व्होल्टेजचा फरक पडतो आणि तोच गाण्यात मिसळतो. म्हणून रिसीव्हरचा पाच व्होल्टचा कन्व्हर्टर मी रेडिओच्याच सप्लायवर फ्यूज घालून बसवतो आणि अर्थही ऑडिओ वायरीचा अर्थ असलेल्या रेडिओच्या बॉडीच्या त्याच स्क्रूला देतो. तरी शिट्टी उरलीच तर ग्राउंड लूप आयसोलेटर. त्यातले चिमुकले ट्रान्सफॉर्मर वायरींचा थेट संबंध तोडतात, पण स्वस्तातला आयसोलेटर तबल्याचा डग्गा थोडा खातो. त्यामुळे आधी अर्थ सुधारावा, आयसोलेटर शेवटी.

डॅशबोर्डला एकही भोक पाडायचं नाही आणि मूळ वायर कापायची नाही, हा माझा नियम. उद्या कुणाला ही गाडी कारखान्यातून आली तशी हवी असेल, तर स्विच काढून जुनी वायर परत त्याच पायावर सोल्डर केली की झालं.