हरवलेले आणि हललेले

सर्च ट्रीतले दोन नोड चुकून एकमेकांच्या जागी गेले, तरी प्रोग्रॅम बंद पडत नाही. झाड जोडलेलंच असतं, नोडही तेवढेच भरतात. फक्त एखादा आकडा शोधायला जावं तर उत्तर येतं, ‘नाही’. आणि तो आत आहे हे तर आपल्याला पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी जो सापडत नाही तोच हलला असणार, असं वाटतं. मी मात्र या तक्रारीवर विसंबत नाही.

एक छोटं झाड घेऊ. रूटवर ५०. डावीकडे ३०, त्याच्याखाली २० आणि ४०. उजवीकडे ७०, त्याच्याखाली ६० आणि ८०. आता ५० आणि २० यांची अदलाबदल करा. ४० शोधायला निघालो की रूटवर २० भेटतो. ४० मोठा, म्हणून उजवीकडे. तिथे ७०, म्हणून डावीकडे. तिथे ६०, म्हणून पुन्हा डावीकडे, आणि पुढे काहीच नाही. ३० आणि ५० यांचीही हीच गत. हलले दोन, हरवले तीन. त्यातले ३० आणि ४० आपापल्या जागी मुकाट बसलेले आहेत, आणि मूळ जागा सोडून आलेला २० मात्र पहिल्याच पावलावर सापडतो.

मग प्रत्येक नोड त्याच्या मुलांशी ताडून पाहावा का? तेही पुरत नाही. मूळ झाडात या वेळी ४० आणि ६० यांची अदलाबदल करू. ३० च्या उजवीकडे ६०: मोठा आहे, ठीक. ७० च्या डावीकडे ४०: लहान आहे, ठीक. एकाही जोडीत खोट नाही, तरी ४० आणि ६० दोन्ही सापडत नाहीत. बिघाड आजोबा आणि नातवंडांमध्ये आहे, आणि बाप-लेकांना विचारून तो कळत नाही.

म्हणून मी झाडाचा आकार विसरतो आणि इनऑर्डर चालतो: आधी डावी बाजू, मग नोड स्वतः, मग उजवी बाजू. धड झाडात आकडे चढत्या क्रमाने येतात. आपल्या झाडातून येतात ते असे: २०, ३०, ६०, ५०, ४०, ७०, ८०. क्रम दोनदा उतरतो, ६० नंतर ५० आणि ५० नंतर ४०. पुढे सरकलेला मोठा आकडा आपल्यानंतरच्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून पहिल्या उतारातला वरचा आकडा गुन्हेगार. मागे गेलेला लहान आकडा आपल्याआधीच्यापेक्षा लहान ठरतो, म्हणून दुसऱ्या उतारातला खालचा. मधला ५० दोन्ही उतारांत दिसतो, पण त्याचा काही दोष नाही. पहिला उतार दिसताच घाईने ६० आणि ५० बदलले, तर ४० चुकीच्या जागीच राहतो.

हललेले दोघे क्रमाने शेजारी असले, समजा ३० आणि ४०, तर उतार एकच येतो आणि त्यातलेच दोघे बदलायचे. हे आधी कळत नाही, म्हणून पहिल्या उताराला दोघांचीही नोंद करायची, आणि दुसरा आलाच तर खालचा तेवढा नवा घ्यायचा. प्रत्येक नोडवर एवढंच:

```
if prev and prev.key > node.key:
    if not first:
        first = prev
    second = node
prev = node
```

चाल संपली की `first` आणि `second` यांच्यातल्या किमती बदलायच्या. नोडमध्ये आकड्यासोबत इतर माहिती असेल, तर तीही सोबत हलली होती का, हे आधी पाहावं लागतं.

या चालीला प्रत्येक नोड एकदा पाहावा लागतो, आणि परत वर येण्यासाठी झाडाच्या उंचीइतका स्टॅक लागतो. तोही नको असेल तर १९७९ मधली मॉरिसची पद्धत आहे. ती मोकळ्या उजव्या पॉइंटरमध्ये परतीची वाट तात्पुरती बांधते आणि परतताना सोडवते. तिथे दोन्ही उतार सापडले म्हणून मध्येच थांबू नये. न सोडवलेला पॉइंटर झाडात वर्तुळ करून ठेवतो आणि पुढची चाल संपतच नाही.

हा सगळा हिशेब ‘नेमके दोनच हलले’ या शब्दावर उभा आहे, आणि उतार मोजून तो शब्द तपासता येत नाही. २०, ३०, ४० या तिघांनी फिरून जागा बदलल्या आणि ३०, ४०, २० असा क्रम झाला, तरी उतार एकच दिसतो. नियमाप्रमाणे ४० आणि २० बदलले की उरतं ३०, २०, ४०. म्हणून दुरुस्तीनंतर मी तीच चाल पुन्हा एकदा चालतो. आता एकही उतार आला, तर दोघांची अदलाबदल हा अंदाजच चुकलेला असतो. मग आणखी जोड्या बदलत बसण्याऐवजी त्या झाडात लिहिणारा कोड उघडावा.