सोयावडीचा हिशेब

महिनाअखेर आली की माझ्या स्वयंपाकाची भिस्त सोयावडीवर असते. 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चार अंड्यांइतकी. वजन मात्र कोरड्याचंच करायचं. भिजल्यावर पाण्याने त्या कितीतरी जड होतात आणि हिशेब फसतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात मऊ झाल्या की गार पाण्यात धुऊन घट्ट पिळते. फेसाळ पाणी निघत असेल तर पुन्हा धुते, नाहीतर रश्शाला उग्र वास येतो. मग कांदा, थोडं दाण्याचं कूट आणि हिवाळ्यात स्वस्त झालेला फ्लॉवर. कूट बेतानेच, कारण शेंगदाण्यात प्रथिनांपेक्षा तेल जास्त. सोबत वरण-भात, सकाळी दोन उकडलेली अंडी. दिवसाची 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं सहज भरतात.